टेम्पोतून परत आलेले चार पंखे

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापुरातल्या एका घाऊक दुकानासमोर टेम्पो थांबतो. गडहिंग्लजच्या दुकानदाराने १८ मार्चला वीस सीलिंग फॅन नेले होते, त्यातले चार त्याने परत पाठवलेत. तीन खोकी अजून सीलबंद आहेत. मागितला होता पांढरा रंग आणि गेला होता तपकिरी. चौथ्या पंख्याचं पातं वाकलंय. हमाल खोकी गोदामात नेऊन टाकतो, मालक चलनावर सही करतात आणि आत बसलेल्या दिवाणजींना सांगतात, "गडहिंग्लजच्या पाहुण्यांचे चार पंखे वजा करा हो."

वजा करायचे, पण कशातून? प्रसंग मी कल्पनेने रचला आहे, पण हिशेबाच्या कामात असले चार पंखे मी कितीदा तरी पाहिले आहेत, आणि ते नेमके याच प्रश्नावर अडतात.

काही दिवाणजी जुनं बिल उघडून त्यात वीसचे सोळा करतात. हे चुकीचंच, कारण १८ मार्चला वीस पंखे खरोखर विकले गेले, गाडीतून गेले आणि समोरच्याने ते उतरवून घेतले. शिवाय मार्चचं जीएसटीआर-१ हे विवरण ११ एप्रिलपर्यंत भरून झालेलं असतं. वहीतलं बिल बदललं तरी सरकारकडे वीसच राहतात. काही जण पैसे येताना तेवढी रक्कम कमी घेतात आणि फरक 'सूट' म्हणून टाकतात. पाहुण्यांचं खातं त्याने चोख मिटतं. कर मात्र न विकलेल्या पंख्यांवरही भरला जातो.

संगणकावर काम करणाऱ्यांची आवडती चूक तिसरी आहे: जर्नल नोंद. विक्री परत खातं नावे, कर नावे, गिऱ्हाईक जमा. रकमा बरोबर येतात, ताळेबंद जुळतो, म्हणून शंकाही येत नाही. पण साध्या जर्नल नोंदीत मालाचे नग नसतात. संगणक म्हणतो तपकिरी पंखा शिल्लक नाही आणि गोदामात तीन खोकी धूळ खात पडलेली असतात. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक तोच पंखा मागतं, काउंटरवरचा पोरगा पडद्याकडे बघून "नाही" म्हणतो. वर्षअखेरीच्या मोजणीत 'जादा निघालेला माल' बऱ्याचदा असाच आलेला असतो.

या सगळ्याऐवजी करायचं ते एकच काम. विकणाऱ्याने क्रेडिट नोट काढायची. गिऱ्हाईक आपलं जेवढं देणं लागतं त्यातली काही रक्कम आपण त्याच्या खात्यावर जमा करतो, म्हणून ती क्रेडिट नोट. तिला बिलांपेक्षा वेगळी, सलग क्रमांकांची मालिका असते. तिच्यावर दोन्ही बाजूंची नावं, पत्ते आणि जीएसटी क्रमांक, ज्या बिलातला माल परत आला त्या बिलाचा क्रमांक आणि तारीख, मालाची किंमत, कराचा दर, कराची रक्कम आणि सही एवढं हवं. टॅलीप्राइममध्ये तिची पाटी `Alt+F6` दाबलं की उघडते, आणि तिथे पंख्याचं नाव व नग टाकता येतात. जर्नलपेक्षा तिचं मोठेपण एवढंच, पण तेवढंच महत्त्वाचं.

आता आपले चार पंखे घेऊ. एका पंख्याचा विक्री भाव १,५०० रुपये, खरेदी १,२०० रुपये, कर १८ टक्के. मूळ बिल असं होतं: वीस पंख्यांचे ३०,०००, त्यावर केंद्राचा कर २,७०० आणि राज्याचा कर २,७००, एकूण ३५,४००. चार पंख्यांची क्रेडिट नोट निघेल ६,००० अधिक ५४० अधिक ५४०, म्हणजे ७,०८० रुपयांची. नोंद वाचायची तर विक्री परत नावे ६,०००, दोन्ही कर नावे ५४०-५४०, गडहिंग्लजचे पाहुणे जमा ७,०८०. त्यांच्याकडून येणं उरलं २८,३२०.

इथपर्यंत सगळं विक्रीच्या भावाने झालं. माल मात्र विक्रीच्या भावाने परत येत नाही. पंखा गोदामातून गेला तेव्हा आपल्या साठ्यातून १,२०० रुपयांची वस्तू गेली होती. परत आली तीही १,२०० चीच. म्हणून साठा वाढतो ४,८०० रुपयांनी, ६,००० नी नाही. मधले १,२०० रुपये म्हणजे चार पंख्यांवर मार्चमध्ये दाखवलेला नफा, आणि तो आता मागे गेला. कोणी साठाही ६,००० ने वाढवला, तर न विकलेल्या पंख्यांवरचा नफा वहीत तसाच बसून राहतो. ही चूक पकडायची सोपी खूण आहे: त्या वस्तूचा शिल्लक साठ्यातला दर बघा. सगळे पंखे १,२०० ने घेतले असताना दर १,२६० किंवा १,३०० दिसू लागला, तर कुठला तरी परतीचा माल विक्रीच्या भावाने आत आलेला आहे.

मार्चची विक्री आणि एप्रिलची परत, म्हणजे मध्ये आर्थिक वर्षही बदललं. बरेच दुकानदार विचारतात, मग गेल्या वर्षीची विक्री कमी करायची का? जीएसटीत नाही. मार्चचं बिल मार्चमध्येच राहतं. क्रेडिट नोटची तारीख एप्रिलची, आणि ती एप्रिलच्या विवरणात जाते. त्या महिन्याच्या विक्रीवरच्या करातून १,०८० रुपये कमी होतात.

कराचा दर मात्र जुन्या बिलाचाच. २२ सप्टेंबर २०२५ ला एअर कंडिशनरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ऑगस्टमध्ये २८ टक्क्यांनी विकलेला एसी ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट २८ टक्क्यांचीच काढायची. जेवढा कर घेतला होता तेवढाच परत, असा साधा न्याय.

आता वाकलेल्या पात्याचा पंखा. तो कागदावर परत आला, पण बाकी तिघांच्या शेजारी ठेवण्यासारखा नाही. त्याच्यासाठी 'खराब माल' नावाचं वेगळं गोदाम संगणकात उघडावं, खरंखुरं गोदाम एकच असलं तरी. मग तो विकून जितके येण्याची शक्यता असेल तितकीच त्याची किंमत धरायची. भंगारवाला ३०० देणार असेल तर किंमत ३००, आणि उरलेले ९०० या वर्षीचं नुकसान.

इथे कराचा एक बारीक मुद्दा दडलेला आहे. तो पंखा विकत घेताना आपण १,२०० वर १८ टक्के, म्हणजे २१६ रुपये कर भरला होता आणि त्याचं क्रेडिट घेतलं होतं. पंखा भंगारात का होईना, बिल करून विकला तर ते क्रेडिट आपलंच राहतं. कंपनीने तो परत घेऊन आपल्याला क्रेडिट नोट दिली, तर आपण तेवढं क्रेडिट सोडायचं आणि हिशेब तिथे मिटला. पण पंखा नष्ट झाला किंवा वहीतून निकालात काढला, तर ते २१६ रुपये सरकारला परत करावे लागतात. नुकसान तर होतंच, त्यावर हा भुर्दंड. म्हणून खराब माल लिहून टाकायची घाई करू नये.

आता गडहिंग्लजच्या टेबलावर काय चाललंय तेही बघू. तिथल्या दुकानदाराने वीस पंख्यांच्या बिलावर ५,४०० रुपयांचं क्रेडिट घेतलं होतं. चार पंखे परत गेले, म्हणजे त्यातले १,०८० त्याने सोडायला हवेत. वित्त कायदा २०२५ मधल्या दुरुस्तीने हे विकणाऱ्याच्याही गळ्यात आलंय: घेणारा नोंदणीकृत असेल आणि घेतलेलं क्रेडिट त्याने सोडलं नसेल, तर विकणाऱ्याला आपला कर कमी करता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर घेणाऱ्याला आपल्या नावावर आलेली क्रेडिट नोट स्वीकारायची किंवा नाकारायची सोय आहे. त्याने नाकारली, तर तो कर विकणाऱ्याच्या पुढच्या विवरणात देणं म्हणून पुन्हा उभा राहतो. पाहुण्यांना फोन करून "नोट टाकलीय, स्वीकारा" एवढं सांगणं आता हिशेबाचाच भाग झालाय.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. घेणारा आपल्या वहीत डेबिट नोट लिहितो, ते ठीकच. पण तीच तो आपली विक्री असल्यासारखी जीएसटी विवरणात टाकतो, इकडे आपण क्रेडिट नोट टाकलेली असते, आणि त्याच चार पंख्यांची परत दोनदा नोंदली जाते. जीएसटी कायद्यातली डेबिट नोट असो की क्रेडिट नोट, ती काढतो विकणाराच. परत पाठवणाऱ्याने माल डिलिव्हरी चलनावर पाठवावा. किंवा आधीच बोलून, तो नवी विक्री समजून रीतसर बिल करावं. मग आपण क्रेडिट नोट काढायची नाही. दोन्हींपैकी एकच.

गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी नसलेलं घरगुती माणूस असेल, तर पोर्टलवर स्वीकारण्याचा प्रश्नच नाही. किरकोळ विक्रीत परत आलेला माल त्या महिन्याच्या एकूण विक्रीतून वजा होऊन जातो. कराचे पैसे मात्र त्याला खरोखर परत दिलेले असले पाहिजेत.

शेवटी मुदत, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. क्रेडिट नोट विवरणात दाखवून कर कमी करायचा तो माल ज्या आर्थिक वर्षात विकला त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरण आधी भरलं असेल तर त्या तारखेपर्यंत. माल परत कधी आला याला इथे किंमत नाही, विकला कधी याला आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये विकलेल्या पंख्याला दीड वर्षाहून जास्त सवड मिळते आणि मार्चमध्ये विकलेल्याला जेमतेम आठ महिने. आपले पंखे २०२५-२६ या वर्षातले असतील, तर शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६. ते डिसेंबरमध्ये आले असते, तरी गिऱ्हाइकाचे पैसे परत करायला क्रेडिट नोट काढता आली असती, पण कराचे १,०८० रुपये आपल्या खिशातून गेले असते.

तेव्हा दिवाळीची गडबड संपली की एक संध्याकाळ काढा, गोदामाच्या कोपऱ्यात पडलेल्या परतीच्या खोक्यांवरचे बिल क्रमांक बघा, आणि मागच्या मार्चअखेरपर्यंतचं बिल निघालं तर त्याची क्रेडिट नोट विवरणात गेलीय का, हे नोव्हेंबर संपायच्या आत तपासा.