पट्टीत किती उरेल?

ऑक्टोबर लागला की गावच्या ग्रुपवर बाजारभावाचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. सोयाबीनच्या ओळीत आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे आकडे असतात. सगळ्यांची नजर मोठ्या आकड्यावर जाते, आणि तिथेच हिशोब चुकतो. तो दर एखाद्या वाळलेल्या, चाळलेल्या ढिगालाही मिळालेला असू शकतो. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला तो. अंदाज बांधायचा तो यावरच. त्याआधी तारीख पाहा, वरचा कोपरा कापलेला असेल तर तो फोटो सोडूनच द्या. आवक दहा-बारा क्विंटलच असेल, तर त्या भावावरही विसंबू नका.

समजा, सर्वसाधारण दर क्विंटलला 4,400 रुपये आहे. आता खर्चाची यादी घ्या आणि तिचे दोन भाग करा. नांगरट, बियाणे, पेरणी, खत, फवारणी आणि उक्ती काढणी हा खर्च पीक येवो न येवो, एकराला लागतोच. तो 17,500 धरू. (यादी दोन एकरांची असेल तर आधी निम्मी करा, कृषी खात्याची पत्रके बहुधा हेक्टरी असतात आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर.) मळणी, बारदाना, गाडीभाडे, हमाली, तोलाई मात्र मालाबरोबर वाढतात. ते क्विंटलमागे 400 धरले, तर हातात 4,000 येतात.

मग 17,500 ला 4,000 ने भागा. उत्तर येते सुमारे 4 क्विंटल 38 किलो. एवढा उतारा नुसता खर्च फेडायला लागतो. हा आकडा मला नफ्याच्या आकड्यापेक्षा कामाचा वाटतो, कारण शेंगा पाहून तो गाठला जाईल की नाही, हे शेतकऱ्याला काढणीआधीच कळते.

उतारा सात क्विंटल आला तर 28,000 मधून 17,500 वजा जाता एकरी 10,500 उरतात. पण माल ओला असेल, तर व्यापारी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की भाव पाडतो. त्याने 3,900 लावले, तर हातात क्विंटलला 3,500 आणि एकराला 7,000 राहतात. तेवढ्याच शेतातले, तेवढेच दाणे. दोन दिवसांचे ऊन साडेतीन हजारांचे पडते.

यादीत बहुधा नसते ती घरची मजुरी. नवरा-बायकोने खुरपणीला दहा-दहा दिवस दिले आणि रोज तीनशे धरला, तर 6,000 होतात. चांगल्या भावाच्या 10,500 मधले मग 4,500 राहतात. उतारा पाच क्विंटलवर आला, तर वरवर 2,500 नफा दिसतो. घरची मजुरी धरली की तोच साडेतीन हजारांचा तोटा असतो.