अरबी शेजाऱ्याला चिठ्ठी : इंग्रजीतला ‘यू’ कुठे अडतो?

दुबई, शारजात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रसंग नवा नाही. वरच्या मजल्यावर अरबी भाषक कुटुंब, रात्री अकरानंतर फरशीवर खुर्च्या ओढल्याचा आवाज आणि सकाळी लवकर मुलांची शाळेची बस. बेल वाजवून बोलायचं, तर भाषा आडवी येते. मग इंग्रजीत चार ओळी लिहायच्या, त्यांचा अरबी अनुवाद करून घ्यायचा आणि चिठ्ठी दाराखालून सरकवायची.

गडबड होते ती इंग्रजी मजकुरातच. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की पुरुष, स्त्री, एक माणूस की अख्खं घर, हे सांगावं लागत नाही. अरबीत सांगावंच लागतं. ‘कृपया’ या अर्थी पुरुषाला ‘लौ समहत’, स्त्रीला ‘लौ समहती’ आणि अनेकांना ‘लौ समहतुम’ म्हणतात. नुसत्या ‘यू’चा अनुवाद बहुतेक वेळा एकट्या पुरुषाला उद्देशून होतो. दार बाईंनी उघडलं, तर चिठ्ठी विचित्र वाटते. म्हणून सुरुवातच ‘डिअर नेबर्स’ अशी अनेकवचनी करावी आणि अनुवादात ‘समहतुम’ आलंय का ते पाहावं. हे अनेकवचन घरातल्या सगळ्यांना लागू होतं, शिवाय आदराचंही असतं, आपल्या ‘आपण’सारखंच.

दुसरी अडचण ‘नॉइज’ या शब्दाची. त्याचं अरबीत ‘दजीज’ म्हणजे गोंगाट होतं, कधी ‘इज़आज’ म्हणजे थेट त्रास. दोन्हींत आरोपाचा सूर आहे. त्याऐवजी ‘साउंड’ लिहिलं, की ‘सौत’ म्हणजे साधा आवाज येतो. ‘कीप इट डाउन’सारखा वाक्प्रचार तर टाळाच, शब्दशः अनुवादात ‘ते खाली ठेवा’ असं काहीतरी व्हायचं.

मग इंग्रजी मजकुराचा आशय असा ठेवता येतो : ‘प्रिय शेजाऱ्यांनो, अस्सलामु अलैकुम. आम्ही तुमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतो. कदाचित तुम्हाला कल्पना नसेल, पण रात्री ११ नंतर खुर्च्या सरकवल्याचा आवाज आमच्या बेडरूममध्ये येतो. मुलं पहाटे उठतात. ११ नंतर खुर्च्या उचलून ठेवल्या, तर आम्ही आभारी राहू.’ वाक्यं छोटी, मागणी एकच. ‘कदाचित कल्पना नसेल’ हे वाक्य कापू नका, समोरच्याची अब्रू तेच राखतं.

शेजारी इजिप्तचा असो वा सीरियाचा, लेखी अरबी प्रमाण भाषेतच हवी. बोलीचा प्रयत्न नको. चिठ्ठी रमजानमध्ये देणार असाल, तर वेळेचा पुन्हा विचार करा. त्या महिन्यात पहाटेपूर्वी सहरीसाठी घर जागं असतं, तेव्हा ‘११ नंतर शांतता’ ही मागणी अवाजवी ठरते.

शेवटी छापील कागद नीट पाहा. अरबी अक्षरं बहुतांशी एकमेकांना जोडलेली असतात आणि ओळ उजवीकडून सुरू होते. प्रत्येक अक्षर सुटं दिसत असेल, तर सॉफ्टवेअरने मजकूर मोडला आहे. मग मोबाइलवर नीट दिसणाऱ्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढून तोच छापावा.