खो दिला, पण उठलं कुणीच नाही

काही वर्षांपूर्वी प्लॅस्टिकची शीट कापणाऱ्या एका यंत्रापायी माझे तीन आठवडे गेले. यंत्र झकास चालायचं आणि मधेच पातं खाली यायचं थांबायचं. रोलर फिरतोय, दिवे लागलेत, कुठेही बिघाडाची खूण नाही. वीज बंद करून पुन्हा लावली की सगळं सुरळीत. आठ तासांच्या पाळीत असं दोन-तीनदा व्हायचं आणि दुपारी शेड तापली की जरा जास्तच. ऑपरेटरनं त्याच्या परीनं इलाज शोधला होता. कार्डासमोर टेबलफॅन लावून ठेवला होता, आणि त्यानं खरोखरच फरक पडत होता.

आम्ही केबल बदलली, वीजपुरवठा तपासला, सोल्डरिंग भिंगाखाली पाहिलं. संगणकावर सर्किटचं सिम्युलेशन पुन्हा पुन्हा चालवलं, ते दर वेळी निर्दोष निघालं. शेवटी यंत्र अडकलेल्या अवस्थेतच कार्डाला लॉजिक अ‍ॅनलायझर जोडला आणि आत काय साठलंय ते वाचलं.

कापण्याचे चार टप्पे होते: मोजणं, थांबणं, कापणं, परतणं. प्रत्येक टप्प्याला एकेक फ्लिप-फ्लॉप. फ्लिप-फ्लॉप म्हणजे 0 किंवा 1 यांपैकी एक गोष्ट लक्षात ठेवणारं छोटं सर्किट. ज्या टप्प्याची पाळी असेल त्याच्यात 1, बाकी तिघांत 0. टप्पा बदलताना जुन्यानं 1 सोडायचा आणि त्याच क्षणी नव्यानं घ्यायचा, अगदी खो-खोतल्या खोसारखं. अ‍ॅनलायझरवर मात्र चारही ठिकाणी 0 दिसत होता. खो देणारा बसला होता आणि घेणारा उठलाच नव्हता. मैदानात कुणीच धावत नव्हतं, म्हणून खेळ थांबला होता.

हे होणं कागदावर अशक्य होतं. दोघांना उठण्या-बसण्याचा इशारा एकाच तारेवरून मिळत होता. मग एकानं तो ऐकला आणि दुसऱ्यानं ऐकला नाही, असं कसं?

ती तार येत होती रोलरला जोडलेल्या एन्कोडरकडून. रोलर फिरेल तसे एन्कोडरचे सिग्नल 0 चे 1 आणि 1 चे 0 होतात, पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे 1 लाख वेळा. कार्डावरचं सगळं काम मात्र क्लॉकच्या ठोक्यावर चालतं. आमचं क्लॉक 100 मेगाहर्ट्‌झचं होतं, म्हणजे दर 10 नॅनोसेकंदांनी एक ठोका. ठोका पडला की फ्लिप-फ्लॉप आपल्या दारातला सिग्नल पाहतो आणि 0 किंवा 1 अशी नोंद करतो. ही नोंद नीट व्हायची तर ठोक्याच्या किंचित आधीपासून किंचित नंतरपर्यंत सिग्नलनं हलायचं नसतं. फोटो काढताना फोटोग्राफर ‘हलू नका’ म्हणतो, तसंच. कार्डातले सिग्नल त्याच क्लॉकवर हलतात, त्यामुळे ते हा नियम पाळतात. पण रोलरला क्लॉक ठाऊकच नाही. त्याचा सिग्नल कधीही बदलतो आणि कधी ना कधी नेमका ठोक्याच्या क्षणीच बदलणार.

तेव्हा काय होतं ते समजायला फ्लिप-फ्लॉपच्या आत डोकवावं लागतं. आत दोन उलटवणारी सर्किटं एकमेकांना तोंड करून बसवलेली असतात. एकाचं उत्तर 1 असेल तर दुसरं 0 देतं आणि तो 0 पहिल्याचा 1 आणखी पक्का करतो. हे दोन मित्र एकमेकांना दुजोरा देत बसतात, म्हणूनच नोंद टिकते. पण ठोका अशा क्षणी पडला की सिग्नल अर्धवट चढलेला आहे, तर ही जोडी 0 आणि 1 यांच्या मधल्याच व्होल्टेजवर सापडते. तिथे दोघांचा जोर सारखाच असतो. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी ही अवस्था. पेन्सिल पडणार हे नक्की, पण कोणत्या बाजूला आणि कधी, ते सांगता येत नाही. या अवस्थेला मेटास्टेबिलिटी म्हणतात.

फ्लिप-फ्लॉप असा रेंगाळत असताना त्याचं उत्तर पुढच्या दोघांकडे जात असतं. अधलंमधलं व्होल्टेज एकाला 1 वाटतं, दुसऱ्याला 0. किंवा निकाल इतक्या उशिरा लागतो की जवळच्या तारेवरच्याला तो वेळेत पोचतो आणि लांबच्याला पोचत नाही. आमच्या यंत्रात नेमकं हेच झालं होतं. सिम्युलेशनमध्ये हे दिसलं नाही, कारण तिथला फ्लिप-फ्लॉप कधी घुटमळतच नाही. त्याचा निकाल क्षणात लागतो.

सर्किट असं घुटमळतं यावर पूर्वी अनेक अभियंत्यांचा विश्वास बसत नसे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले थॉमस चेनी आणि चार्ल्स मोलनार यांनी 1973 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यात ऑसिलोस्कोपच्या पडद्याचे फोटो दिले. मधल्या व्होल्टेजवर लोंबकळणाऱ्या रेषा डोळ्यांनी दिसल्यावर वाद घालायला जागा उरली नाही. यातून सुटणारा, कधीही न घुटमळणारा फ्लिप-फ्लॉप बनवता येईल का? नाही. सतत बदलणाऱ्या सिग्नलवरून ठरावीक वेळेत ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायचं असेल, तर मधे कुठेतरी असा एक बिंदू येतोच जिथे निर्णय लांबतो.

पण एक गोष्ट आपल्या बाजूनं असते. घुटमळणं टोकाच्या पेन्सिलीसारखंच संपतं. मध्यबिंदूपासून जरासं जरी अंतर पडलं तरी ते झपाट्यानं वाढत जातं. आपल्या गणितासाठी असं धरू, की या चिपमध्ये दर 0.2 नॅनोसेकंदाला हे अंतर 2.7 पट होतं. म्हणजे दर 0.2 नॅनोसेकंदानंतर, तोवर घुटमळत राहिलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांशाहून थोडेच जास्त उरतात. वाट पाहिली की प्रश्न सुटत जातो, आणि वाट थोडी वाढवली तरी धोका प्रचंड घटतो.

आता मूळ कार्डाचा हिशोब मांडू. ठोक्याभोवतीची धोक्याची खिडकी 0.1 नॅनोसेकंदाची धरू. दर 10 नॅनोसेकंदांत ती एकदा येते, म्हणजे सिग्नलच्या शंभर बदलांतला एक तिच्यात सापडतो. सेकंदाला लाख बदल, म्हणजे सेकंदाला हजार वेळा आमचा फ्लिप-फ्लॉप घुटमळत होता! त्याला सावरायला वेळ किती? पुढच्या ठोक्यापर्यंत 10 नॅनोसेकंद. त्यातले 6 टप्पा ठरवणाऱ्या सर्किटला लागायचे आणि 1 फ्लिप-फ्लॉपच्या स्वतःच्या कामात जायचा. उरले 3, म्हणजे 0.2 चे 15 हप्ते. तेवढ्या वेळानंतरही घुटमळत राहणारे तीस लाखांत एक. सेकंदाला हजार या दरानं असा एक साधारण 55 मिनिटांनी निघतो. त्यातल्या काही वेळा दोन्ही फ्लिप-फ्लॉप चुकूनमाकून एकच अर्थ लावतात आणि काही बिघडत नाही. उरलेल्या वेळी यंत्र अडकतं. पाळीत दोन-तीनदा! टेबलफॅनचं कोडंही इथे सुटलं: चिप गरम झाली की अंतर वाढण्याचा वेग मंदावतो, म्हणजे घुटमळणं लांबतं.

दुरुस्ती होती एका फ्लिप-फ्लॉपची. पहिल्याच्या पाठीमागे दुसरा जोडायचा, दोघांना तेच क्लॉक द्यायचं, दोघांच्या मधे काहीही ठेवायचं नाही आणि बाकीच्या सर्किटनं फक्त दुसऱ्याचंच ऐकायचं. यालाच दोन फ्लिप-फ्लॉपचा सिंक्रोनायझर म्हणतात. पहिला पूर्वीइतकाच, सेकंदाला हजार वेळा घुटमळतो. फरक इतकाच, की आता त्याला सावरायला 3 ऐवजी 9 नॅनोसेकंद मिळतात, कारण मधलं 6 नॅनोसेकंदांचं काम आता दुसऱ्याच्या पुढे गेलं. वेळ तिप्पट झाला म्हणून धोका एक-तृतीयांश झाला, असं मात्र नाही. हप्ते 15 चे 45 झाले आणि चुकीची सरासरी 55 मिनिटांवरून सुमारे 110 कोटी वर्षांवर गेली.

सिंक्रोनायझर खरं उत्तर देतो, असा एक गैरसमज असतो. ठोक्याच्या क्षणी बदलत असलेल्या सिग्नलला खरं उत्तरच नसतं. दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपमधून जुनी किंमत येईल किंवा नवी, पण सगळ्यांना एकच ऐकू येईल. जुनी आली तर पुढच्या ठोक्याला नवी येईलच, मात्र सिग्नल तोवर टिकायला हवा. ठोक्याहून छोटा धक्का यातून निसटू शकतो.

म्हणूनच अनेक तारांवरून एखादी संख्या येत असेल तर प्रत्येक तारेला वेगळा सिंक्रोनायझर लावून भागत नाही. 3 म्हणजे 011 आणि 4 म्हणजे 100. बदलाच्या क्षणी एका तारेवर जुनी आणि दुसरीवर नवी किंमत आली तर 3 आणि 4 च्या मधे एकदम 7 दिसू शकतो. एन्कोडरच्या दोन तारा इथे आपल्या मदतीला येतात. त्या अशा बनवलेल्या असतात की एका वेळी एकच बदलते, त्यामुळे शंका असलीच तर लगतच्या दोन पायऱ्यांमधलीच असते.

पुढच्या मॉडेलमध्ये क्लॉक 250 मेगाहर्ट्‌झ करायचं ठरलं, तेव्हा दोन फ्लिप-फ्लॉप आहेतच म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कागद घेऊन बसलो आणि दचकलो. ठोक्यांमधलं अंतर आता 4 नॅनोसेकंद, सावरायला पुन्हा तेच 3, आणि ठोके अडीचपट. सरासरी आली 22 मिनिटं. तिसरा फ्लिप-फ्लॉप जोडला तर 6 नॅनोसेकंद मिळतात आणि सरासरी 135 वर्षं होते. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण अशी हजार यंत्रं विकली तर त्यांतलं एखादं साधारण दर 50 दिवसांनी चुकणार, आणि कोणतं ते कुणालाच सांगता येणार नाही. चौथ्यानं ती 44 कोटी वर्षांवर नेली, तिथे थांबलो.

ऑपरेटरला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, “चार-चार जण वाट बघत बसले तर कापायला उशीर नाही का होणार?” उशीर होतोच: चार ठोके, 16 नॅनोसेकंद. शीट सेकंदाला 2 मीटर वेगानं सरकत असेल तर तेवढ्यात ती 32 नॅनोमीटर पुढे जाते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. त्यानं मान डोलावली आणि टेबलफॅनचं तोंड स्वतःकडे वळवलं.