पोह्यांचा आकडा

पेणच्या एका गिरणीत भट्टीसमोर उभं राहिल्यापासून मी पोह्यांना कच्चं धान्य म्हणणं सोडलं. गरम पाण्यात भिजवलेलं भात निथळून तापलेल्या वाळूत भाजतात, वाळू चाळतात आणि दाणा गरम, मऊ असतानाच यंत्राच्या चाकाखाली टाकतात. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, साल सुटतं, दाणा चपटा होत जातो. जास्त फिरला की पातळ पोहे, कमी फिरला की जाड. पिशवीत शिरण्याआधीच पोहे अर्धेअधिक शिजलेले असतात. म्हणून तर नुसत्या पाण्याने मऊ पडतात.

ग्लायसेमिक इंडेक्सचा सगळा गोंधळ इथून समजतो. इतिहास थोडक्यात: 1981 मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी ही कल्पना मांडली. रात्रभर उपाशी असलेल्या दहाएक माणसांना 50 ग्रॅम पचणारी कर्बोदकं असलेला पदार्थ खायला द्यायचा आणि दोन तास ठरावीक अंतराने बोटातून रक्त घ्यायचं. साखरेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ तितक्याच ग्लुकोजच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहायचं. ग्लुकोज 100, पदार्थ 55 पर्यंत असला तर कमी, 70 आणि त्यावर असला तर जास्त. झालं.

आता पोह्यांकडे. भिजवून भाजताना तांदळातला स्टार्च फुगतो, त्याची घट्ट रचना सैल होते आणि पाचकरसांना वाट मोकळी होते. पुढे चपटा केल्याने दाण्याचा बांधाही मोडतो. या दोन्ही गोष्टींनी साखर लवकर चढायला हवी. पण पोहे निवून वाळले की त्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट होतो आणि तेवढा पचायला जड जातो. उकड्या तांदळाचा आकडा बहुधा साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा कमी येतो, त्यामागे हेच कारण. पोह्यांत दोन्ही ओढी एकाच दाण्यात असतात. कोणती जिंकेल ते भाताच्या जातीवर, भट्टीच्या तापावर आणि पोह्याच्या जाडीवर ठरतं. त्यामुळे ‘पोह्यांचा जीआय इतका’ असं ठणकावून सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठले पोहे?

भाताचीही तीच कथा. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 2012 मध्ये 235 जातींचा आढावा घेतला, तेव्हा आकडे 48 ते 92 असे पसरलेले निघाले. मुख्य फरक ॲमिलोजचा. हा सरळ साखळीचा स्टार्च जास्त असला की भात मोकळा होतो आणि साखर हळू चढते. कमी असला की भात चिकट होतो. मावळातला इंद्रायणी चिकटपणासाठीच आवडतो, पण हा गुण साखरेच्या हिशेबात सहसा उलटा पडतो. (मला तो आवडतोच.)

भरडधान्यांबद्दल सध्या बरीच भक्ती आहे. 2021 च्या एका मोठ्या आढाव्यात त्यांची सरासरी सुमारे 53 आली. तिला बाजूला सारता येत नाही. पण भारतातल्या एका जुन्या चाचणीत बाजरी 55, ज्वारी 77 आणि नाचणी चक्क 104, म्हणजे ग्लुकोजच्याही पुढे, आली होती. नाचणी तीच असली तरी बारीक पीठ दळून शिजवलेली पेज आणि जाडसर दाणा यांत फार अंतर आहे. गिरणीवाल्याला ‘जरा जाडसर दळा’ म्हणणं तक्ता पाठ करण्याहून उपयोगी.

आता एका ताटाचा हिशेब करू. 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत साधारण 40 ग्रॅम कर्बोदकं. 77 चा आकडा धरला तर 40 गुणिले 77 भागिले 100, म्हणजे 31. याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. 20 च्या वर गेला की जास्त. 40 ग्रॅम कोरड्या पोह्यांत 31 ग्रॅम कर्बोदकं. उदाहरणापुरता आकडा 70 धरला तर भार 22 येतो. भाकरीपेक्षा कमी! पण दुसरी बशी घेतली की 44. इंडेक्सला बशा मोजता येत नाहीत.

कांदेपोह्यांतले शेंगदाणे, तेल आणि वरून पिळलेलं लिंबू यांनी पोट रिकामं होण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे साखरेचं शिखर ठेंगणं होतं. प्रयोगशाळेतले पोहे मात्र बहुधा कोरडेच खाल्लेले असतात. याच तेलाच्या जोरावर तळलेल्या दगडी पोह्यांचा चिवडाही कमी आकडा मिळवू शकतो आणि त्यातल्या उष्मांकांबद्दल, मिठाबद्दल आकडा चकार शब्द काढत नाही. शिवाय तो सरासरीचा. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी साधा पांढरा ब्रेड लोकांना पुन्हा पुन्हा खायला दिला, तर एकाच माणसातही निकाल वेगवेगळ्या दिवशी साधारण 20 टक्क्यांनी हलले.

म्हणून मधुमेह असलेल्या माझ्या बहिणीला मी तक्ता दिला नाही. नेहमीचे पोहे नेहमीच्या बशीत घे, पहिल्या घासापासून घड्याळ लाव, खाण्याआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरने साखर बघ, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेवढीच बशी, पण सोबत वाटीभर मोड आलेली मटकी. ती डॉक्टरांकडे गेली ती या दोन सकाळींच्या नोंदी घेऊन, आणि त्यांनीही आधी त्याच वाचल्या.