भुवयांना डाय नको

केसांच्या काळ्या डायचं पाकीट घरात असेल तर त्याची मागची बाजू चष्मा लावून वाचा. पॅराफिनायलिनडायमिन, म्हणजे पीपीडी, असलेल्या डायवर एक इशारा छापणं आपल्या कायद्याने बंधनकारक आहे: हा रंग भुवयांना किंवा पापण्यांना लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकतं. तरीही डोक्याला डाय लावून झाला की वाटीत उरलेला रंग ब्रशच्या टोकाने भुवयांवर फिरवणारी माणसं मला पार्लरमध्ये कायम भेटतात. ‘इतकी वर्षं लावतोय, काही झालं नाही,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर असतं. पण पीपीडीची ॲलर्जी अनेक वर्षं बिनतक्रार वापर केल्यावरही उद्भवू शकते आणि एकदा आली की सहसा जात नाही. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्यूर’ नावाच्या अशाच रंगाने बायकांचे डोळे गेले होते. तिथे १९३८ साली सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा अंकुश आला, त्यामागे हे प्रकरणही होतं. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पीपीडीच असतं, त्यामुळे मेंदी या नावावर विसंबू नका.

मग उतारवयात पांढऱ्या, विरळ झालेल्या भुवयांचं करायचं काय? माझ्या मते बहुतेकांचं काम कात्री आणि पावडर यांवर भागतं. टिंटची गरज थोड्यांनाच पडते.

भुवईचा केस डोक्यावरच्या केसासारखा वर्षानुवर्षं वाढत नाही. तो काही आठवडे वाढतो, मग थांबतो आणि गळतो. म्हणून तो आखूडच राहतो. वयाबरोबर हे चक्र बिघडतं. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर केस बारीक आणि कमी होतात, विशेषतः भुवईच्या शेपटीकडे. तरुणपणापासून दर महिन्याला थ्रेडिंग करून भुवया बारीक ठेवल्या असतील तर वारंवार मुळापासून उपटलेले काही केस परत येतच नाहीत. पुरुषांचं उलट होतं. त्यांचे काही केस जाड, राठ होतात आणि वाढायचे थांबत नाहीत, म्हणून आजोबांच्या भुवया पुढे झुकलेल्या दिसतात. पांढरा केस बहुधा राठ आणि हट्टी असतो. तो इतरांबरोबर न झोपता सरळ उभा राहतो.

असा केस उपटावासा वाटतो, पण उपटू नका. आधीच विरळ असलेल्या भुवईत त्याने कायमची फट पडू शकते. तो कापायचा. त्यासाठी लहान, अणकुचीदार नसलेली कात्री आणि मस्काऱ्याचा धुऊन वाळवलेला जुना ब्रश पुरे. भुवई कोरडी हवी, कारण ओला केस लांब दिसतो आणि वाळल्यावर आखूड होतो. ब्रशने सगळे केस वर विंचरा. भुवईच्या वरच्या रेषेबाहेर जे केस जातील त्यांची फक्त टोकं, एकेक करून कापा. सगळे केस एका फटक्यात कापले तर वळणदार केस आखूड होऊन मागे सरकतात आणि खालची कातडी दिसते. दोनतीन केस कापले की भुवई पुन्हा खाली विंचरून बघा. चष्मा काढल्यावर जवळचं दिसत नाही, म्हणून भिंग असलेला आरसा लागतो. पण निर्णय त्या आरशात घेऊ नका, त्यात प्रत्येक केस दोषी वाटतो. हातभर लांब साध्या आरशात बघून ठरवा. पार्लरमध्ये जात असाल तर ‘खालचे सुटे केस तेवढे काढ, वरच्या बाजूला दोरा लावू नकोस,’ असं बसायच्या आधीच सांगा.

पावडरीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक काळ्या रंगाची. काजळाच्या पेन्सिलीने भुवई भरली की ती तेलकट होते, घामाने पसरते आणि चेहरा रागीट दिसतो. केस काळे रंगवले असले तरी भुवईसाठी राखाडीकडे झुकणारी गडद तपकिरी पावडर घ्यावी. केस पांढरेच ठेवले असतील तर आणखी फिकी, राखाडी छटा शोभते. भुवईची वेगळी पावडर मिळाली नाही तर चमक नसलेली आय शॅडो चालते. तिरप्या कापाचा बारीक ब्रश लागतो.

माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचे डोक्यावरचे केस रंगवलेले काळे होते, भुवयांचा नाकाकडचा भाग पांढरा होता आणि शेपट्या जवळजवळ गेलेल्या होत्या. त्या घरी पेन्सिलीने शेपटी काढत आणि ती गालाकडे उतरवत. त्यामुळे डोळे खाली ओघळल्यासारखे दिसत. मी आधी पेन्सिल पुसून कातडी कोरडी केली, कारण क्रीमवर पावडर डागांसारखी बसते. मग एक काडी नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरपी धरली. ती जिथे भुवईच्या रेषेला भेटते तिथे शेपटी संपवली, आणि ते टोक भुवईच्या सुरुवातीपेक्षा खाली येऊ दिलं नाही. ब्रशवरची जास्तीची पावडर झटकून मधून बाहेरच्या बाजूला भरत गेले. नाकाकडच्या भागाला मुद्दाम काहीच नवं घेतलं नाही, ब्रशवर उरलं तेवढंच लावलं. तिथे गडद झालं की भुवई चिकटवल्यासारखी दिसते. शेवटी स्वच्छ ब्रश फिरवून कडा मऊ केल्या आणि पांढऱ्या केसांवर तपकिरी ब्रो जेल फिरवलं. हे जेल केसावर बसतं, पावडर कातडीवर. म्हणून दोन्हींची कामं वेगळी आहेत. पावसाळ्यात जेलमुळे पावडरही जास्त टिकते. रात्री दोन्ही धुऊन टाकायचं.

रोज हे करायचा कंटाळा असेल किंवा हात थरथरत असतील तर टिंटचा विचार करा. टिंट भुवयांसाठीच बनवलेला हवा आणि तो शिकलेल्या माणसाकडून लावून घ्यावा. केसावर तो साधारण तीन ते सहा आठवडे टिकतो. राठ पांढऱ्या केसात रंग लवकर शिरत नाही, पण म्हणून जास्त वेळ ठेवायचा नाही, पाकिटावर दिलेली मिनिटंच पाळायची. छटा एक पायरी फिकी निवडा, कारण फिकी नंतर गडद करता येते. जिथे केसच नाहीत तिथे टिंट फारसा उपयोगी नाही, कातडीवरचा डाग थोड्या दिवसांत जातो. भुवयांच्या टिंटमध्येही पीपीडीचे भाऊबंद असू शकतात. म्हणून ज्यांना कधी डायने किंवा काळ्या मेंदीने खाज, सूज आली आहे त्यांनी टिंट लावूच नये. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी कानामागे थेंब लावून ४८ तास वाट पाहावी. मागच्या वेळी त्रास झाला नव्हता ही हमी धरू नका.

भुवया विरळ होणं नेहमीच वयाचं नसतं. काही महिन्यांत बाहेरचा एक तृतीयांश भाग गेला, सोबत थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. भुवयांबरोबर कपाळावरची केसांची रेषाही मागे सरकत असेल, किंवा भुवईची कातडी लाल होऊन खाजत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका. पाळी गेलेल्या बायकांमध्ये दिसणाऱ्या अशा एका आजारात केसांची मुळंच नष्ट होतात, आणि ती गेली की औषधाने परत येत नाहीत.