दोन वर्षं, आणि एकही नांगर विकला नाही: अपयशाचं कॅरोसेल कसं रचायचं

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा ऐकताना मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. रेंजचं म्हणाल तर मी हा एपिसोड घाटघरमध्ये बसून केलाय. नाणेघाटाच्या अगदी डोक्यावरचं आमचं गाव, समोर जीवधन, आणि पावसाळ्यात तर समोरचा माणूसही धुक्यात गायब.

विषय निघाला माझ्या मावसबहिणीमुळे. तिनं नाचणीची बिस्किटं काढली होती, तिचं पहिलंच प्रॉडक्ट. ते फसलं. आता ती दुसरं करतेय आणि तिला इन्स्टाग्रामवर पहिल्याची गोष्ट सांगायचीय. म्हणाली, "दादा, लिहायला घेतलं की एक तर रडगाणं होतंय, नाहीतर भाषण." मी म्हटलं, आधी दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीवर हात बसवू. आणि आम्ही घेतले लक्ष्मणराव किर्लोस्कर.

गोष्ट थोडक्यात अशी. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. बढती डावलली गेली, नोकरी सोडली, बेळगावला आले. तिथं सायकलींचं दुकान होतं, पुढे कडबा कापायची यंत्रं केली. मग 1903 च्या सुमाराला लोखंडी नांगर. शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडानं जमिनीत विष भिनेल. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

आता आमचा पहिला प्रयत्न ऐका. स्लाइड एक: "शिक्षक ते उद्योगपती!" स्लाइड दोन: नांगर कुणी घेईना. स्लाइड तीन: "पण त्यांनी हार मानली नाही." चार ते आठ: कारखाना, किर्लोस्करवाडी, नाव, कीर्ती. झालं!

चूक कुठंय बघा. दोन वर्षांचं अपयश एका स्लाइडमध्ये उरकलं आणि यशाला पाच स्लाइड दिल्या. वाचणाऱ्याला तिसऱ्या स्लाइडलाच कळलं की सगळं नीट झालं. मग तो पुढं बोट कशाला सरकवेल? कॅरोसेलमध्ये प्रत्येक स्वाइप हा वाचणाऱ्याचा निर्णय असतो. "पुढं काय झालं" हे मनात असेपर्यंतच तो सरकवतो. "पण त्यांनी हार मानली नाही" हे वाक्य तुमच्या स्लाइडवर दिसलं, तर समजा की अवघड भाग तुम्ही उडी मारून ओलांडलाय.

म्हणून आम्ही वहीत स्लाइडचे चौकोन काढले आणि प्रत्येकाखाली एकच शब्द लिहिला: इथं वाचणाऱ्याला काय वाटेल? लागोपाठ दोन चौकोनांत तोच शब्द आला तर त्या दोन स्लाइड एकत्र करायच्या. पहिल्या प्रयत्नात चार ते आठच्या खाली पाच वेळा "कौतुक" आलं. बघा म्हणजे!

दुसरा खर्डा असा झाला.

स्लाइड एक, कुतूहल: "नांगर तयार होता. दोन वर्षं कुणी घेतला नाही." शेवट सांगितला नाही, फक्त अडचण सांगितली.

स्लाइड दोन, आपुलकी: "बेळगाव, 1903. नोकरी सोडून आलेला एक शिक्षक लोखंडाचा नांगर घडवतो." इथं गाव आणि साल मुद्दाम आहे. कुणी पहिली स्लाइड बघून पुढं गेलं, तर इन्स्टाग्राम पुन्हा कधीतरी तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवू शकतं. म्हणून दुसरी स्लाइड एकटी वाचली तरी समजली पाहिजे.

स्लाइड तीन, आशा: लाकडी नांगराला पर्याय मिळाला, आता शेतकरी घेणारच! ही स्लाइड आम्ही आधी गाळली होती. पण वर चढल्याशिवाय पडल्याचं दुःख कळत नाही.

स्लाइड चार, धक्का: "शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन विषारी होईल."

आणि इथं आमचं गाडं अडलं. मी खाली लिहिलं होतं, "अंधश्रद्धेपुढं विज्ञान हरलं." ओसरीवर आजा बसला होता, त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आरं, लाकडी नांगराचा फाळ तर लोखंडाचाच आसायचा. मंग भ्याव कशाचं? आख्खी वस्तूच नवी. एक हंगाम गेला तर वरीस जातं पोरा. त्यो दुकानदार परत देनार व्हता का वरीस?"

मी गप्प. आमच्याकडे भाताचं एकच पीक येतं, त्यामुळं हे मला कळायला हवं होतं. माझ्या कॅरोसेलमध्ये शेतकरी फक्त वाटेतला दगड होता. आम्ही ती ओळ खोडली आणि स्लाइड पाच केली: "नवी अवजारं चुकली, तर वर्षाचं पीक कुणाचं जाणार होतं?" हा आजाचा तर्क आहे, तेव्हाच्या शेतकऱ्यांचं बोलणं नाही. म्हणून तो प्रश्न म्हणूनच ठेवला. चौकोनाखाली शब्द आला "कोंडी". आता दोघंही बरोबर होते, आणि गोष्ट खरी जड झाली.

स्लाइड सहा, शांतता: नुसतं उभ्या नांगराचं चित्र आणि तीन शब्द, "एक वर्ष. मग..." इथं माझा मोह बघा, मी लिहिलं होतं, "त्या रात्री लक्ष्मणराव झोपले नाहीत." कुणी सांगितलं मला? खोडलं. भावना घटनेतून येते, आपण मनानं भरलेल्या अश्रूंतून नाही. एका वाचकाला जरी ते खोटं वाटलं, तरी बाकीच्या खऱ्या स्लाइडही त्याला खोट्या वाटतात.

स्लाइड सात, सुटका: "दोन वर्षांनी पहिला नांगर विकला गेला." एवढंच. स्लाइड आठ, भान: 1910 मध्ये बेळगाव सोडून औंध संस्थानात कुंडलजवळ पुन्हा शून्यातून उभारणी. तिथंच किर्लोस्करवाडी झाली. यशाला एक स्लाइड पुरली.

आणखी एक. मथळ्यात मी "पहिलं प्रॉडक्ट" लिहिणार होतो. पण नांगराआधी कडबा कापायची यंत्रं होती, त्यामुळं ते चूक ठरलं असतं. गोष्ट रंगावी म्हणून "पहिलं" लावायचं नाही.

मग बहिणीनं स्वतःची वही उघडली. तिची जुनी चौथी स्लाइड होती, "पॅकेजिंगच्या समस्येमुळे तोटा झाला." मी विचारलं, "तुला कधी कळलं गं?" ती म्हणाली, "जुलैत. एका काकूंनी माझ्यासमोर पाकीट फोडलं. बिस्किट तुटलंच नाही, वाकलं. काकू काही बोलल्या नाहीत, चहात बुडवून खाल्लं."

मी म्हटलं, हीच तुझी चौथी स्लाइड. पातळ प्लास्टिक, घाटघरचा पाऊस, ओल, हे सगळं पाचव्या स्लाइडवर सांग. आधी बिस्किट वाकू दे.

तिनं लिहिलं. चौकोनाखालचा शब्द मात्र बराच वेळ सुचेना. शेवटी लिहिला, "लाज". मग म्हणाली, "दादा, हे टाकायचं म्हणजे जरा भीती वाटतेय."

पोस्ट अजून गेलेली नाही. ती आधी त्या काकूंना विचारणारे, गोष्टीत त्यांना घेतलं तर चालेल का. ते मला बरोबर वाटलं. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.