तक्रार पुजाऱ्यांची, अर्ज विश्वस्तांना

आमच्या गल्लीतल्या 78 वर्षांच्या आजी दर शनिवारी मारुतीला तेल घालायला जातात. दोन महिन्यांपूर्वी आरतीच्या गर्दीत त्यांची काठी गाभाऱ्याच्या उंबरठ्याला अडली आणि पुजारी सगळ्यांदेखत ओरडले, “जमत नाही तर घरी बसा ना! इथं कशाला येता धडपडायला?” आजी तेलाची बाटली तशीच घेऊन घरी आल्या. पुढच्या शनिवारी त्या गेल्याच नाहीत.

अर्ज लिहायला मी बसले. पहिल्या मसुद्यात ‘उर्मट’, ‘माजलेले’, ‘दक्षिणेला हपापलेले’ असे शब्द रागाच्या भरात आले होते. ते सगळे खोडले. माणूस उर्मट आहे की नाही, याची शहानिशा विश्वस्त कशी करणार? एखादे वाक्य बोलले गेले की नाही, हे मात्र त्यांना विचारता येते. म्हणून तारीख, वेळ आणि ते शब्द जसेच्या तसे लिहिले. शेजारी उभ्या असलेल्या दोघांची नावे त्यांना विचारून घातली. दक्षिणेचे मी फक्त ऐकले होते, म्हणून ते पूर्ण वगळले. आणखी एका आजोबांनाही असाच अनुभव आला होता. त्यांनी तो स्वतः चार ओळींत लिहून खाली सही केली.

एक वाक्य मुद्दाम घातले: शनिवारी पूजा, आरती आणि रांग असे सगळे पुजारी एकटेच सांभाळतात. ते खरे होते, आणि खरे ते त्यांच्या बाजूचे असले तरी लिहायलाच हवे. ‘काढून टाका’ असे कुठेही म्हटले नाही. मागण्या तीनच: पुजाऱ्यांची बाजू ऐकून त्यांना समज द्यावी, आरतीच्या वेळी रांगेसाठी एक सेवेकरी असावा, ज्येष्ठांसाठी बाक ठेवावा.

अर्ज अध्यक्ष आणि सर्व विश्वस्तांच्या नावे करून कार्यालयात दिला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. हे विसरलात, तर अर्ज मिळालाच नाही असे कुणीही सांगू शकते.

विश्वस्तांनी दादच दिली नाही, तर नोंदणीकृत न्यासाबाबत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जाता येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार त्या देवळात नेहमी दर्शनाला जाणारा भाविकही ‘हितसंबंधित व्यक्ती’ ठरतो. पण ते कार्यालय न्यासाचा कारभार पाहते. गाभाऱ्यातल्या एका कडू बोलण्याचा निवाडा तिथे होईल अशी आशा धरू नये. ते काम विश्वस्तांचेच.

आमच्या विश्वस्तांनी तीन आठवड्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. बाक आला आहे, शनिवारी सेवेकरीही असतो. आजी अजून गेलेल्या नाहीत. येत्या शनिवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे.